कुठेच न छापलेला पेपर

आमच्या विभागात पीएच.डी.ची नोंदणी झाली की मार्गदर्शक बाई पेढा द्यायच्या आणि पेढ्याबरोबर संदर्भांची यादी. ही यादी त्यांना त्यांच्या सरांनी दिलेली, त्यात त्यांनी भर घातलेली, मग माझ्या आधीच्या तिघीचौघींनी आपापली भर घातलेली. लग्नात आलेलं भांडं जसं सासूकडून सुनेकडं जातं तशी ती चालत आली होती. कुणी ते भांडं उलटं करून तळ बघितला नव्हता. मी बघितला, आणि त्यावरून जे रामायण झालं ते सांगते. मला त्याचा पश्चात्ताप नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटपर्यंत कुणी वाट बघायला नको.

माझा विषय होता सोलापुरातल्या मधुमेही बायका आणि त्यांच्या ताटातली ज्वारीची भाकरी. आमच्याकडं साखर निघाली की डॉक्टरच्या आधी शेजारीण सांगते, पोळी बंद कर, भाकरी खा. मग बाई सकाळी दोन आणि रात्री दोन अशा भाकऱ्या निर्धास्तपणे रिचवते, वर शेंगाचटणी आणि तेल. भाकरीनं साखर चढत नाही, यावर तिचा देवापेक्षा जास्त विश्वास असतो. बायका काय खातात, किती खातात आणि त्यांना हे कुणी सांगितलं, हे मला शोधायचं होतं. ते करताना दुसऱ्या प्रकरणात आधी हेही लिहावं लागणार होतं की भाकरी आणि साखर यांच्याबद्दल शास्त्राला आजवर नेमकं काय माहीत आहे.

यादीतला अकरावा की बारावा संदर्भ याच गोष्टीचा होता. भाकरीनं रक्तातली साखर पोळीपेक्षा किती कमी चढते ते मोजलेला पेपर. लेखकाचं आडनाव, शीर्षक, शेतीविषयक एका जुन्या भारतीय नियतकालिकाचं नाव, खंड, पानं, सगळं व्यवस्थित. बाईंच्या प्रबंधात तो होता, त्यांच्या विद्यार्थिनींच्या प्रबंधांत होता, आणि बाई दर शिबिरात त्याचा हवाला देऊन भाषण करायच्या. मला फक्त तो वाचायचा होता. एवढीच माझी आगळीक.

विद्यापीठ शहराबाहेर पुण्याच्या रस्त्याला. शुक्रवार पेठेतून तिथं जायला बस, मग चालणं, आणि उन्हाळ्यात डोक्याला ओढणी गुंडाळून चाललं तरी ग्रंथालयाच्या दारात पोचेपर्यंत डोळ्यांपुढं काजवे. पण आत संगणकांच्या खोलीत वर्गणी भरलेले डेटाबेस मिळायचे. एक वैद्यकीय नियतकालिकांचा, एक शेती आणि अन्नशास्त्राचा. घरच्या फोनवर त्यांतलं निम्मं उघडत नाही, पैसे मागतं.

पहिल्यांदा तिथं बसले तेव्हा आपण नेटवर टाकतो तसं मी आख्खं वाक्य टाकलं होतं, भाकरीनं साखर कमी होते का. शून्य. ग्रंथपाल शेजारी उभे होते. विणकर घरातले, घरी तेलुगू, बाहेर खणखणीत सोलापुरी मराठी. ते हसले. म्हणाले, "मॅडम, हे काय तुमची शेजारीण न्हाय. प्रश्न विचारायचा न्हाय, शब्द द्यायचे." मग त्यांनी शिकवलं. ज्वारीला तिथं ज्वारी म्हणत नाहीत, सोर्घम म्हणतात, शिवाय तिचं लॅटिन नाव आहे. कुणी जोवार लिहिलं असेल, कुणी जोंधळा. हे सगळे शब्द "किंवा"नं जोडायचे, कंस घालायचा, आणि पुढं "आणि" लावून रक्तातल्या साखरेचे शब्द द्यायचे. प्रत्येक पेपरला माणसं वाचून विषयाची नावं लावतात, ती नावं धरून शोधलं तर लेखकानं कोणता शब्द वापरला याची फिकीर राहत नाही. मला हे इतकं आवडलं की दोन दिवस मी घरी भाजीसुद्धा कंसात मागत होते.

असं शोधल्यावर डेटाबेसनं मला जे दिलं ते थोडकं होतं. बोटांवर मोजण्याइतके प्रयोग, तेही लहान. कुणी दाणे शिजवून दिलेले, कुणी पिठाचं काही केलेलं, कुणी निरोगी तरुणांवर, कुणी मधुमेह्यांवर. निकाल एका दिशेला बोट दाखवत होते खरे, पण हलत्या बोटानं. "भाकरी हवी तेवढी खा" असं त्यांतला एकही म्हणत नव्हता. आणि आमच्या यादीतला तो छातीठोक पेपर मात्र कुठंच नव्हता. शीर्षकानं नाही, आडनावानं नाही, नियतकालिकाच्या नावानंही नाही.

मी बाईंच्या खोलीत गेले आणि म्हटलं, तो पेपर मिळत नाही.

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. त्या कुणाला घाबरत नाहीत. घराण्यातली शिकलेली पहिली बाई, भावांशी भांडून शिकलेली. मला त्यांनी घडवलं, माझी फी अडली तेव्हा भरली, परीक्षेच्या दिवशी डबा आणला. म्हणूनच पुढचं सगळं जड गेलं. त्यांनी फोन उचलला, शीर्षक टाकलं आणि पडदा माझ्यापुढं धरला. "हे काय मग? आंधळी झालीस का?"

नेटवर खरंच होता. पानंच्या पानं. वर तर एक तयार उत्तर आलेलं, यंत्रानंच लिहिलेलं, त्यातही तोच दाखला. खाली आहारतज्ज्ञांच्या साइटी, पीठ विकणाऱ्यांच्या साइटी, वर्तमानपत्रांच्या आरोग्यपुरवण्या. मग बाईंनी अभ्यासकांसाठीचा जो फुकट सर्च असतो तो उघडला. तिथंही त्याची नोंद होती आणि खाली आकडा, चाळीसच्या वर लोकांनी याचा संदर्भ दिला आहे.

"चाळीस जण खोटं बोलतात आणि तू एकटी शहाणी?"

त्या क्षणी मी गप्प बसले. पण माझा स्वभाव असा की गप्प बसले तरी आतून बसत नाही.

घरी येऊन मी ती चाळीस ठिकाणं एकेक करून उघडली. माझ्यासारख्या तापट बाईला हे काम बरं, राग टिकून राहतो. एकाही ठिकाणी प्रयोग किती माणसांवर झाला ते लिहिलेलं नव्हतं. भाकरी किती वजनाची होती, किती वेळानं रक्त घेतलं, काही नाही. फक्त ते एक वाक्य आणि तो एक संदर्भ, शब्दाला शब्द. मेंढरामागं मेंढरं. आणि त्या फुकट सर्चमधल्या नोंदीवर टिचकी मारली तर ती उघडतच नव्हती. बारीक अक्षरात तिच्या आधी लिहिलेलं होतं की ही नुसती उल्लेखाची नोंद आहे. म्हणजे त्या यंत्राला पेपर सापडला नव्हता. इतरांच्या संदर्भसूचींत त्याचं नाव दिसलं, म्हणून त्यानं नावाची पाटी लावून ठेवली होती. घर नाही, दार नाही, नुसती पाटी. तारखेनं लावून बघितलं तर सगळ्यांत जुना उल्लेख आमच्या बाईंच्या प्रबंधात होता. तो प्रबंध सरकारी भांडारात ऑनलाइन चढवलेला आहे. त्याच्या आधी कुणीही, कुठंही, एकदाही नाही.

मला झोंबलं ते हे. बाई ज्यांना साक्षीदार म्हणून उभं करत होत्या, ते सगळे त्यांच्याच तोंडून ऐकून आले होते.

मी ग्रंथपालांना सगळं दाखवलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. ते म्हणाले, "थांबा की जरा. डेटाबेसात न्हाय म्हंजे जगात न्हाय, असं न्हाय होत. हे नियतकालिक जुनं हाय. त्याचे आधीचे खंड कुणी भरलेच नसतील. नेटवर हाय म्हणून खरं न्हाय, तसं डेटाबेसात न्हाय म्हणून खोटं न्हाय. छापील खंड बघितल्याबिगर तोंड उघडू नका."

बरोबर होतं ते, आणि मला राग आला, कारण मी तोंड उघडायलाच निघाले होते. तो खंड सोलापुरात नव्हता. पुण्यात एका जुन्या ग्रंथालयात त्याचे बांधलेले गठ्ठे होते. कुर्डुवाडीला चहा पिऊन, गाडीत उभी राहून गेले. तिथल्या माणसानं धूळ झटकत खंड आणून दिला. मी संदर्भात दिलेलं पान काढलं. त्या पानावर कोठारात धान्याला लागणाऱ्या किड्यांवरचा लेख होता. मी आधीची पानं बघितली, नंतरची बघितली, अनुक्रमणिका बघितली, पुढचा आणि मागचा खंड बघितला. भाकरी नाही, साखर नाही, त्या आडनावाचा माणूसही नाही. वडाची साल पिंपळाला लावलेली, आणि चाळीस जण तिचा काढा पाजत होते.

मी फोटो काढले. परतीच्या गाडीत मला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी मी बोटांवर दिवस मोजत बसले, कारण माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती. एकदा वाढवून मिळाली होती, पुन्हा मिळणार नव्हती. प्रबंध जमा करायला बाईंची सही लागते. सही नाही तर इतक्या वर्षांचं सगळं काम पाण्यात.

बाबा रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आमच्या घरी कुणी सांगितलं म्हणून मानायचं नाही, आधी तपासायचं, असं लहानपणापासून बुद्धवंदनेबरोबर ऐकलेलं. त्यामुळं मला वाटलं बाबा माझी पाठ थोपटतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आदी सही घे की. मग काय भांडायचं ते भांड. साहेबाशी भांडायचं ते पगार झाल्यावर."

"आणि तुम्हीच सांगायचात ना तपासून बघ म्हणून?"

"तपास की. तपासू नगं कोण म्हंतंय? बोलायची घाई कशाला?"

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांचं चुकलं नव्हतं, हाच त्रास होता. तो एक संदर्भ ठेवला असता तर कुणाला कळलं नसतं. चाळीसाचे एक्केचाळीस झाले असते. पण माझ्या मुलाखतीतल्या बायका मला आठवत होत्या. एकीनं मला हात धरून विचारलं होतं, "भाकरीनं चढत न्हाय म्हंत्यात, मग माजी का चढली वो?" मी त्या पेपराचं नाव पुन्हा लिहायचं, म्हणजे त्या बाईला तिचीच चूक आहे असं सांगायचं. ते मला जमणार नव्हतं.

मी फोटो घेऊन बाईंकडं गेले. दार लावून घेतलं. त्यांनी फोटो बघितले, किड्यांचा लेख दोनदा वाचला. मग फोन माझ्याकडं सरकवला.

"मी तो पेपर कधी बघितलाच नाही," त्या म्हणाल्या. "सरांनी दिला. कुठल्याशा परिषदेत कुणीतरी बोललं होतं, सरांनी टिपून घेतलेलं. नियतकालिकाचं नाव त्याला कसं चिकटलं, देव जाणे. टायपिस्टनं खालची ओळ वर घेतली असेल. तेव्हा तुझे डेटाबेस होते का? एका पेपरासाठी पत्र लिहायचं आणि सहा महिने पोस्टमनची वाट बघायची. सरांनी दिलं ते घेतलं. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"घेतलं असतं," मी म्हटलं. "पण आता मी माझ्या जागी आहे."

हे मी बोलायला नको होतं, असं तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं की बरं झालं बोलले.

त्यांचा चेहरा बदलला. "मग काढून टाक. गुपचूप काढ आणि पुढं जा. बोभाटा कशाला?"

"गुपचूप काढला तर उरलेले चाळीस तसेच राहतील. मी तळटीप टाकणार. हा संदर्भ सगळीकडं दिसतो, पण त्या खंडात त्या पानावर तो नाही, म्हणून."

"आणि माझं नाव?"

"नाव नाही घालणार. सर्वांत जुना उल्लेख एका प्रबंधात, एवढंच."

"हे बघ गं," बाई उठून उभ्या राहिल्या, "तळटीप असेल तर माझी सही नाही."

मी पाया पडून बाहेर आले. पाया पडले, कारण त्या माझ्या बाई होत्या. तळटीप काढली नाही, कारण प्रबंध माझा होता.

जमा करण्याआधीचं सादरीकरण ठरलेलं होतं, ते रद्द करायला बाईंना कारण द्यावं लागलं असतं, ते त्यांनी दिलं नाही. समितीत बाहेरगावचे एक तज्ज्ञ होते, पायघोळ इंग्रजी बोलणारे. माझी संदर्भसूची चाळून त्यांनी पहिलाच हल्ला केला. पीठ विकणाऱ्यांच्या साइटी, व्हिडिओ, फोनवर फिरलेले निरोप, हे पीएच.डी.चे संदर्भ आहेत का? आमच्याकडं फक्त डेटाबेसात असलेलंच चालतं.

गंमत बघा. बाई म्हणाल्या होत्या नेटवर आहे म्हणून खरं, हे म्हणत होते नेटवरचं म्हणून कचरा. मी दोघांच्या मध्ये उभी.

मी म्हटलं, "सर, भाकरीनं साखर किती चढते हे मी त्या साइटींवरून सांगितलेलंच नाही. ते डेटाबेसातल्या प्रयोगांवरून सांगितलंय, आणि तिथं नक्की माहीत नाही असंही लिहिलंय. पण बायकांना हे कुणी सांगितलं, कोणत्या शब्दांत सांगितलं, हा माझा दुसरा प्रश्न आहे. ते डेटाबेसात कसं सापडेल? बायका डेटाबेस वाचत नाहीत, नेट बघतात. अफवा जिथं राहते तिथंच तिला शोधायला गेले. तिला साक्षीदार केलं नाही, आरोपी केलंय."

तज्ज्ञांनी मान हलवली, हो की नाही ते कळेना. मग त्यांनी तळटिपेवर बोट ठेवलं. "हा तर प्रसिद्ध पेपर आहे. मी स्वतः वापरलाय."

मी पडद्यावर फोटो लावला. मुखपृष्ठ, खंड, पान, किडे. मागं कुणीतरी खुदकन हसलं. तज्ज्ञ हसले नाहीत. त्यांनी बाईंकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, कारण त्या पेपराचा हवाला देत बाईंनी शहरातली किती व्यासपीठं गाजवली होती ते सगळ्यांना ठाऊक होतं. मी पण बघितलं. मला भीती वाटत होती, पण खाली बघायचं नाही असं मी ठरवून आले होते.

"मार्गदर्शक म्हणून आपलं काय म्हणणं?" अध्यक्षांनी विचारलं.

बाई म्हणाल्या, "विद्यार्थिनीनं तपासलंय. मी नव्हतं तपासलं." एवढंच. खुर्ची सरकवली आणि निघून गेल्या.

सही त्यांनी दुसऱ्या दिवशी शिपायाकरवी पाठवून दिली. पेढा नाही, निरोप नाही. मला पदवी मिळाली तेव्हा विभागातला सत्कार झाला, त्याला त्या आल्या नाहीत. लोक म्हणाले, पेराल ते उगवेल, गुरूला चव्हाट्यावर आणलंस. मी म्हटलं, चव्हाट्यावर आधीपासून होता तो पेपर, मी फक्त तो छापलेल्या खंडात नाही हे सांगितलं. कुणाला पटलं, कुणाला नाही. मला सगळ्यांना पटवत फिरायचं नव्हतं.

माझा प्रबंध भांडारात चढला. बरेच महिने गेले. मग एका दुपारी बाईंचा फोन आला. इतक्या दिवसांनी, आणि नमस्कार-चमत्कार काही नाही.

"बघितलंस का? त्या पेपराचा आकडा वाढलाय. एकानं. आणि तो एक कोण आहे माहीत आहे?"

मला माहीत नव्हतं. त्यांनीच सांगितलं. मी होते. माझ्या तळटिपेत पूर्ण संदर्भ लिहिलेला होता, तो नाही हे सांगण्यासाठी. यंत्राला "नाही" वाचता येत नाही. त्याला नाव दिसलं, त्यानं मोजलं. मी त्या पेपराला खोटं ठरवलं आणि त्याचं वजन वाढवलं.

"झालीस की नाही आमच्यातली?" बाई म्हणाल्या. आवाजात हसू होतं की वार, मला ठरवता आलं नाही.

माझं डोकं तडकलं. मग थंड झालं. मी म्हटलं, "होऊ दे, बाई. त्या सगळ्यांत तो पेपर नाही असं म्हणणारी मी एकटी आहे. कुणी ती चाळीस दारं एकेक करून ठोठावली तर एका दारात मी उभी असेन. मी काही ते दार लावून घेणार नाही."

पलीकडं पानं उलटल्याचा आवाज आला.

"तळटीप वाचली मी," त्या म्हणाल्या. "नीट लिहिलीयस. एकच खोट आहे. सर्वांत जुना उल्लेख एका प्रबंधात, असं लिहिलंयस. कुणाच्या? वाचणाऱ्यानं कुठं जायचं? असा अर्धा संदर्भ देतात का?"

मी वही पुढं ओढली.

"पुढं हे कुठं छापशील तेव्हा माझं नाव घाल," त्या म्हणाल्या. "पूर्ण घाल. वर्ष आणि पान क्रमांकासकट."

घातलं.